फील्डिंग, अझीझ आणि नाव ठेवण्याची घाई

ई. एम. फॉर्स्टरची ‘अ पॅसेज टु इंडिया’ ही कादंबरी १९२४ साली प्रसिद्ध झाली. डॉक्टर अझीझ आणि सरकारी कॉलेजचा प्रिन्सिपॉल सिरिल फील्डिंग यांच्या मैत्रीची ही कथा आहे. अलीकडे तिच्या वाचनात दोन पक्ष पडले आहेत. पहिला पक्ष म्हणतो, दोन पुरुषांची मैत्री ही मैत्रीच असते, तिच्यात दुसरे काही शोधणे म्हणजे आजच्या काळाचा रोग जुन्या पुस्तकाला लावणे. दुसरा पक्ष म्हणतो, फॉर्स्टर स्वतः समलैंगिक होता आणि कायद्याच्या भीतीने त्याला बोलता आले नाही, म्हणून अझीझ आणि फील्डिंग हे समलैंगिक प्रेमिकच आहेत, फक्त वेष बदललेले. दोघे एकमेकांचे कट्टर विरोधक असले तरी दोघांची एक समजूत सारखी आहे: पात्रावर चिठ्ठी चिकटवली की वाचन पूर्ण झाले. एकाची चिठ्ठी ‘केवळ मित्र’ अशी, दुसऱ्याची ‘गे’ अशी. मला दोन्ही अमान्य आहेत. क्विअर वाचन म्हणजे पात्रांची जातकुळी ठरवणे नव्हे. स्त्री-पुरुषांचे प्रेम आणि त्यातून होणारे लग्न हीच जगण्याची एकमेव सरळ वाट आहे असे गृहीत न धरता मजकूर वाचणे, आणि त्या वाटेबाहेरच्या ओढीला मजकुराने कुठे जागा दिली व कुठे नाकारली हे पाहणे, एवढेच ते आहे.

आधी दुसऱ्या पक्षाचा विचार करू, कारण त्याच्या हाती चरित्राचे जाडजूड पुरावे आहेत. कादंबरी सैयद रॉस मसूद यांना अर्पण केलेली आहे. मसूद हे सर सैयद अहमद खान यांचे नातू. १९०६ पासून फॉर्स्टर त्यांना लॅटिन शिकवू लागला, पुढे त्यांच्या प्रेमात पडला, आणि त्या प्रेमाला तसाच प्रतिसाद मिळाला नाही. १९१३-१४ मध्ये त्याने ‘मॉरिस’ ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी लिहिली, ती त्याच्या मृत्यूनंतर १९७१ साली छापली गेली. हे सगळे खरे आहे. पण यातून अझीझ कोण हे ठरत नाही. चरित्राची किल्ली लावायची म्हटले तर किल्ल्या अनेक आहेत. एक मसूद. दुसरा अलेक्झांड्रियातला ट्रामचा कंडक्टर मोहम्मद अल-अद्ल, जो १९२२ साली, म्हणजे ही कादंबरी पुरी होण्याआधी वारला. तिसरा देवासच्या दरबारातला न्हावी. १९२१ मध्ये फॉर्स्टर देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता तेव्हाच्या त्या संबंधाविषयीचे त्याचे टिपण मरणोत्तर प्रसिद्ध झाले, आणि त्यात मालक-नोकर हे नाते उघड दिसते. एक प्रेम नाकारले गेलेले, एक जपलेले, एक सत्तेने डागाळलेले. यांतले नेमके कोणते अझीझच्या वाट्याला आले? चरित्रातून ठाम उत्तर निघत नाही. लेखकाचे आयुष्य फार तर कुठे बारकाईने पाहावे हे सुचवते. तिथे काय आहे ते पुस्तकालाच सांगावे लागते.

आता पुस्तकात पाहू. सातव्या प्रकरणात अझीझ पहिल्यांदाच फील्डिंगकडे चहाला येतो. फील्डिंग अजून आत कपडे करतो आहे, दोघांनी एकमेकांना नीट पाहिलेलेही नाही. घाईत फील्डिंगच्या पायाखाली त्याचे शेवटचे कॉलरचे बटण चिरडते. त्या काळी कॉलर शर्टापासून सुटी असे आणि मानेच्या मागे एका खुंटीसारख्या बटणाने अडकवावी लागे. आपल्याकडे जादा बटण आहे अशी थाप मारून अझीझ बाजूला होतो, स्वतःची कॉलर उपसून त्यातले सोन्याचे बटण काढतो, चहा होईपर्यंत आपली कॉलर वर उसळू नये अशी प्रार्थना करतो आणि बटण घेऊन शयनगृहात जातो. भोक लहान असल्याने बटण तोच बसवू लागतो, फील्डिंग मान वाकवतो. माणूस कॉलर घालतोच कशाला, अशी कुरकुर फील्डिंग करतो तेव्हा अझीझ सांगतो की पोलिसांनी अडवू नये म्हणून. साहेबी पोशाखात सायकलवरून गेले तर कुणी हटकत नाही, फेझ टोपी घातली तर लगेच दिवा विझल्याची हाक येते.

या प्रसंगात लैंगिक म्हणावे असे काही नाही. पण साध्या ओळखीला जे लागत नाही ते सगळे आहे. अनोळखी पुरुषाच्या शयनगृहातला प्रवेश, अंगावरची वस्तू काढून देणे, ती दिल्याचे लपवणे, मानेला झालेला स्पर्श, आणि या सगळ्यातून दोघांना वाटणारी मोकळीक. तरी एकटा प्रसंग पुरावा होत नाही. तो पुरावा ठरतो, कारण कथानक त्याच्याकडे परत येते. पुढच्याच प्रकरणात मॅजिस्ट्रेट रॉनी हीस्लॉप अझीझच्या पोशाखाची थट्टा करतो: सगळे झकपक, पण मागचे बटण विसरला, हिंदी माणसाचा गबाळेपणा तो हाच. रॉनीला खूण दिसली, ती नेमकी हेरलीही, पण त्याच्याजवळ आधीच तयार असलेल्या वर्गात त्याने ती टाकली. वाचकाला मात्र माहीत आहे की ती उणीव देण्यातून आलेली आहे. फॉर्स्टरने इथे वाचण्याचाच धडा घातला आहे. ज्याच्याजवळ चिठ्ठी तयार असते त्याला पुरावा समोर असूनही उलटा वाचता येतो. हा धडा ‘केवळ मैत्री’ म्हणणाऱ्याला लागू आहे, आणि ‘गे’ म्हणून मोकळा होणाऱ्यालाही तितकाच.

पहिल्या पक्षाचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की, हे वाचन पाश्चात्त्य चष्म्याचे आहे. आपल्याकडे पुरुष गळ्यात हात टाकून चालतात, मित्रासाठी रडतात, त्याचा कुणी वेगळा अर्थ लावत नाही. या आक्षेपातला अर्धा भाग मला मान्य आहे. म्हणूनच अझीझने कुणाचा हात धरला, कुणाला मिठी मारली, याची यादी मी पुराव्यात धरत नाही. ॲडेला या इंग्रज तरुणीने अझीझवर केलेल्या आरोपाच्या खटल्यानंतर फील्डिंग आणि तिच्याविषयी त्याला वाटणारा संशयही धरत नाही, कारण त्यामागे पैशाचे कारण आहे. फील्डिंगच्या आग्रहाने त्याने वीस हजार रुपयांची भरपाई सोडली, आणि तिच्याशी लग्न करून ते पैसे फील्डिंगच खाणार असे त्याला वाटते. ज्या गोष्टीचा खुलासा रिवाजाने किंवा व्यवहाराने पुरता होतो, तिथे गर्भित अर्थ आहे असे म्हणू नये. खुलासा होऊनही काही उरते तिथेच म्हणावे. बटण दिल्याचा खुलासा आदरातिथ्याने होईलही, पण लपवाछपवी आणि रॉनीच्या गैरसमजाची योजना उरतेच.

शिवाय ‘आपल्याकडचे’ म्हणायचे तर त्याच सातव्या प्रकरणाच्या शेवटी प्राध्यापक नारायण गोडबोले गातात तेही ऐकावे लागेल. स्वतःला गौळणीच्या जागी ठेवून ते कृष्णाला ये म्हणतात, तो येत नाही, आणि दुसऱ्या कुठल्या गाण्यात तरी येत असेल ना या प्रश्नाचे उत्तरही नाही असेच आहे. विराण्या आणि गवळणी ऐकलेल्या मराठी वाचकाला यात नवल नाही. ज्ञानदेवांपासून पुरुषांनी विरहिणीच्या मुखाने बोलावे ही आपली जुनी रीत. म्हणून गोडबोल्यांच्या लिंगभावाविषयी अनुमान काढणारा वाचक फसेल, कारण हा परंपरेचा संकेत आहे. पण संकेत आहे म्हणून तो निरर्थक ठरत नाही. शरीराने पुरुष असलेल्याने पुरुषाला ये म्हणण्याची आणि तो न येण्याची एक मान्यताप्राप्त भाषा चहाच्या त्या खोलीत हजर होते, आणि थोड्याच वेळापूर्वी जुळलेल्या मैत्रीवर तिची सावली पडते. ही भाषा कादंबरीने युरोपातून आणलेली नाही. तिसऱ्या भागात, माऊ संस्थानातल्या गोकुळाष्टमीत, गोडबोले तुकारामांचे नाव घेत नाचतात, आणि तो उत्सव फॉर्स्टरने देवासच्या मराठी दरबारात पाहिलेल्या उत्सवावर बेतलेला आहे.

आणखी एक आक्षेप उरतो. अझीझ आपल्या मृत पत्नीवर प्रेम करतो, बायकांविषयी चवीने बोलतो, फील्डिंग शेवटी रॉनीची आई मिसेस मूर हिच्या मुलीशी, स्टेलाशी, लग्न करतो. मग राहिले काय? ‘गे’ ही चिठ्ठी लावणाऱ्यांसाठी ही अडचण जीवघेणी आहे, माझ्या वाचनासाठी ती पुरावाच आहे. बायका या दोघांच्या मध्ये कशा येतात ते पाहा. अकराव्या प्रकरणात अझीझ फील्डिंगला पत्नीचे छायाचित्र दाखवतो. ती पडद्यात होती. तिला पाहणारा पहिला इंग्रज तूच, असे तो सांगतो. पत्नीवरचे प्रेम खरेच आहे, आणि त्याच प्रेमाच्या हाताने तो फील्डिंगला घरात घेतो. उलट फील्डिंगचे लग्न त्याला बाहेर नेते. आपल्याच देशातल्या स्त्रीशी लग्न करून तो अँग्लो-इंडियन समाजाच्या मर्यादांत शिरला असे निवेदकच सांगतो. म्हणजे या कादंबरीत लग्न हे प्रेमाच्या विरुद्ध नाही, पण ते क्लब, वंश आणि साम्राज्य यांच्या बाजूला उभे राहते. तेव्हा ‘लग्न झाले, म्हणजे दुसरे काही नव्हते’ हा युक्तिवाद कादंबरीने स्वतःच उलटवला आहे.

अशा वाचनामुळे राजकारण बाजूला पडते अशी भीती बाळगणाऱ्यांनाही उत्तर मिळते. कॉलरच्या प्रसंगात जवळीक आणि पोलीस एकाच संभाषणात येतात, ते उगीच नव्हे. शेवटच्या प्रकरणात घोड्यावरून जाताना अझीझ आधी इंग्रजांना हाकलण्याची प्रतिज्ञा करतो, आणि त्याच आवेगात फील्डिंगला अर्धवट चुंबतो, मग आपण मित्र होऊ म्हणतो. दोघांनाही ते आताच हवे असते. पण घोडे फाकतात, जमीन खडक पुढे करते, देऊळ, तुरुंग, राजवाडा, आकाश सगळे मिळून आता नाही, इथे नाही असे म्हणतात. फक्त राजकीय वाचन केले तर साम्राज्य आडवे आले हे कळते. चुंबन तिथे कशाला, आणि स्वराज्य आल्यावर ते दोघे जे होणार त्याला निवेदक साधे आश्वासनही का देत नाही, हे कळत नाही. फक्त प्रेमकथा म्हणून वाचले तर तुरुंग आणि राजवाडा त्या यादीत का, हे कळत नाही. दोन्ही नकार एकाच वाक्यात सामावणारे वाचन हवे.

आपल्या काव्यशास्त्राने हे फार पूर्वी मान्य केले आहे की व्यंग्यार्थ उगवला म्हणून वाच्यार्थ मरतोच असे नाही. अझीझ आणि फील्डिंग मित्र आहेत हा वाच्यार्थ शेवटपर्यंत खरा राहतो. त्या मैत्रीला उपलब्ध नावे पुरत नाहीत हा व्यंग्यार्थ. १८८५ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये पुरुषांमधली लैंगिक जवळीक गुन्हा ठरवली होती, हिंदुस्थानात ३७७ वे कलम होते, आणि फॉर्स्टरला हे चांगले माहीत होते. पण भीतीने त्याने एक तयार नाव गिळून टाकले आणि आपण ते त्याच्या वतीने उच्चारायचे, असा हा हिशेब नाही. त्याने जे लिहिले ते नावाच्या अलीकडचे आहे: कोणत्या चौकटीत बसेल हे ठरण्याआधीची ओढ, आणि चौकटींनी मिळून तिला दिलेला नकार. आज आपल्याजवळ शब्द आहेत आणि जिवंत माणसांच्या हक्कांसाठी ते शब्द निःसंकोच वापरावेत. कादंबरीतल्या दोन माणसांवर ते लादले, तर जो नकार फॉर्स्टरने इतक्या कष्टाने दाखवला तो आपणच पुसून टाकू, आणि ‘केवळ मित्र’ म्हणून पान उलटले तर तो नकार दिसलाच नाही असे होईल.