उंदरांचं औषध ठेवण्याआधी पिसवांचं बघा

ऊर्जानगरमधल्या सगळ्या बिऱ्हाडांना कळकळीची विनंती आहे. या आठवड्यात घरात उंदरांचं औषध ठेवणार असाल तर थांबा. ठेवून झालं असेल आणि आता पायांना काहीतरी चावत असेल, तर ते डासच आहेत असं धरून चालू नका. घरात कुत्रा-मांजर नसलं तरी त्या पिसवाच असू शकतात.

आमच्या क्वार्टरमध्ये गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी हेच झालं. रात्री माळ्यावर खुडबुड चालायची म्हणून औषधाच्या वड्या आणून ठेवल्या. चार दिवसांत खुडबुड थांबली, आम्ही खूश. सहाव्या-सातव्या दिवशी मुलीच्या घोट्यांवर लाल ठिपके उठले. दोन-तीन ठिपके एका ओळीत, प्रत्येकाच्या मधोमध सुईच्या टोकाएवढा गडद बिंदू, आणि सगळे गुडघ्याच्या खाली. कॉइल लावली, मच्छरदाणी बांधली, फरक शून्य. गाद्या उन्हात टाकल्या, एकही ढेकूण सापडला नाही. शेवटी कोणीतरी पांढरे पायमोजे घालून घरभर फिरायला सांगितलं. मागच्या व्हरांड्यात, गुंडाळून ठेवलेल्या कूलरपाशी उभा राहिलो आणि मोज्यावर तिळापेक्षाही बारीक, तपकिरी दाणे दिसले. चिमटीत धरला तर चिरडेना, सोडला की टुणकन उडी. कूलरच्या जाळीत उंदरांनी गवताच्या ताट्या कुरतडून घरटं केलं होतं, आणि त्यात एक मेलेला उंदीर.

आपल्याकडे मे महिन्यात कूलरशिवाय जगता येत नाही आणि जूनमध्ये तो कोपऱ्यात ढकलला की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कोणी बघत नाही. उंदरांना याहून मऊ, अंधारी, ओलसर जागा कुठे मिळणार?

आता मूळ मुद्दा. उंदराच्या अंगावरची पिसू उंदराच्या गरम अंगावर आणि रक्तावर जगते. उंदीर मेला, अंग थंड पडलं, की ती काही तासांत त्याला सोडून निघते आणि जवळची उबदार गोष्ट शोधते. ती गोष्ट म्हणजे आपण. माणूस तिला फारसा पसंत नसतो, पण दुसरं काही मिळेना की ती चावते. शिवाय अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे एकूण फौजेचा लहानसा भाग. बाकी अंडी, अळ्या आणि कोष घरट्यातल्या धुळीतच असतात. अळी मोठ्या पिसूची वाळलेली विष्ठा खाऊन वाढते, मग धूळ चिकटलेला कोष विणते. कोषातली पिसू तयार होऊनही आठवडेच्या आठवडे गप्प बसू शकते. पावलांची थरथर, ऊब, श्वासाची चाहूल लागली की बाहेर येते. म्हणून पिंजऱ्यात धरून जिवंत उंदीर लांब नेऊन सोडला तरी घरटं तिथेच राहतं आणि पंधरा दिवसांनी चावे सुरू होतात. महिनाभर बंद असलेलं क्वार्टर उघडल्यावर पहिल्याच संध्याकाळी पाय का खाजतात, त्याचंही उत्तर हेच.

चंद्रपूरचा कोरडा उन्हाळा या अळ्यांना सोसत नाही, त्या सुकून मरतात. पावसाळ्यात मात्र हवा दमट, घरटं ओलसर, आणि अंड्यापासून पिसू व्हायला तीन-चार आठवडे पुरतात. नेमकी तेव्हाच आपण औषधाची पुडी फोडतो.

ही नुसती खाज असती तर एवढं लिहिलं नसतं. ऑगस्ट 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडले, घराघरांत पिसवा चावू लागल्या, आणि महिना संपता संपता जांघेत-बगलेत गाठी आलेले तापाचे रुग्ण दिसू लागले. तो प्लेग होता. ऊर्जानगरात प्लेग आलाय असं मी अजिबात म्हणत नाही, आणि कोणी तसा निरोप फिरवला तर त्याला थांबवा. पण प्लेग आटोक्यात आणणाऱ्यांचा एक नियम आपल्या माळ्यालाही लागू आहे: आधी पिसवा मारायच्या, मग उंदीर. उलट केलं तर पिसवा माणसांवर येतात. प्लेग सोडा, उंदरांच्या पिसवांमुळे एक प्रकारचा टायफसही होतो. त्याचा जंतू पिसूच्या विष्ठेत असतो आणि खाजवताना जखमेतून आत जातो. म्हणून मुलांची नखं कापा आणि चावे साबणाने धुवा.

तेव्हा काम या क्रमाने करा. उंदीर कुठून फिरतात ते आधी पाहा: भिंतीकडेला काळपट तेलकट रेघ, लेंड्या, कुरतडलेला कागद. त्या वाटांवर आणि बिळांच्या तोंडाशी पिसवांवर चालणारी कीटकनाशक भुकटी टाकायची, म्हणजे उंदीर त्यातून जातो आणि पिसवा त्याच्या अंगावरच मरतात. हे काम परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याकडून करून घ्या. शेतातलं उरलेलं फवारणीचं औषध घरात मारू नका. 2017 मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी उघड्या शेतात दगावले, बंद खोलीत काय होईल? दोन-तीन दिवसांनी पिंजरे लावा. विषाच्या वड्या घरात नकोतच, कारण उंदीर कुठे जाऊन मरेल ते आपल्या हातात राहत नाही. पिंजऱ्यात मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका. आधी त्यावर साबणाचं पाणी भरपूर ओता, हात पिशवीत घालून उचला, दुसऱ्या पिशवीत बांधा आणि खोल पुरा.

मग घरटं. ते कोरडं झाडू नका, धुळीबरोबर सगळं घरभर उडतं. ओलं करून उचला, पिशवीत बांधून बाहेर न्या. कूलरच्या जुन्या ताट्या परत वापरायचा मोह नको. अंथरुणं-पांघरुणं गरम पाण्यात धुवा. पेस्ट कंट्रोलवाल्याला दोन आठवड्यांनी परत बोलवायचं ठरवूनच पहिला पैसा द्या, कारण कोषातल्या पिसूला पहिल्या फेरीचं औषध पोचत नाही. दुसऱ्या फेरीच्या आधी चार दिवस चावे वाढले तर घाबरू नका, तेव्हा कोष फुटत असतात. रस्त्यावरून गाडी धूर सोडत गेली म्हणून हे काम झालं असं समजू नका. तो धूर उडणाऱ्या डासांसाठी आहे, माळ्यावरच्या धुळीत तो उतरत नाही.

पिसवा आहेत की नाहीत, ते रात्री तपासता येतं. पांढऱ्या ताटलीत बोटभर पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, ताटली जमिनीवर, आणि वर वीतभर उंचीवर दिवा. बाकीचे दिवे बंद. वायर पाण्यात जाणार नाही याची काळजी घ्या. पिसवा उजेडाकडे उड्या मारतात आणि साबणामुळे बुडतात. सकाळी मोजा. दर तीन रात्रींनी आकडा लिहून ठेवला तर उपाय लागू पडतोय का, ते अंदाजाने बोलावं लागत नाही. आमच्याकडे पहिल्या रात्री अकरा होत्या, दुसऱ्या फेरीनंतरच्या आठवड्यात एकही नव्हती.

चावे झालेल्या कोणालाही दोन आठवड्यांच्या आत ताप, जोराची डोकेदुखी, अंगावर पुरळ किंवा जांघेत-बगलेत दुखरी गाठ आली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. विचारण्याची वाट न बघता आपणहून सांगा की घरात उंदीर मेले आणि पिसवा चावल्या. पावसाळी तापाच्या गर्दीत हे वाक्य ऐकल्याशिवाय डॉक्टरांच्या डोक्यात पिसवांमुळे होणारा आजार येणं कठीण. वेळेवर ओळखला तर त्यावर साधी औषधं आहेत. इमारतीत एकापेक्षा जास्त उंदीर आपोआप, औषध न ठेवता मेलेले दिसले, तर ते पुरून गप्प बसू नका, आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा.

आणि शेजारचं क्वार्टर बदलीमुळे रिकामं असेल, तर त्याची किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांना गाठा. आपण माळा साफ केला आणि भिंतीपलीकडचा कूलर तसाच राहिला, तर पाइपच्या भोकातून सगळं पुन्हा येतं. आज संध्याकाळी उजेड असेपर्यंत आपला कूलर उघडून बघा, मोजे घालून.