‘टाचण पाठवा’, पण कोणत्या वर्गाचं, कशाचं आणि किती वेळाचं?

‘सर, गणिताचं पाठ टाचण असेल तर पाठवा, उद्या लागतंय.’

नांदेड-लातूर भागातल्या शिक्षकांच्या मोबाईलवर असा निरोप येणं नवीन नाही. बी.एड.चे छात्राध्यापक विचारतात, नव्यानं रुजू झालेले शिक्षक विचारतात, कधी जुनेजाणतेही विचारतात. मागणी रास्तच असते. पण इयत्ता सांगितलेली नसते, घटक नसतो आणि तासिका किती मिनिटांची तेही नसतं. गंमत म्हणजे टाचणाच्या छापील नमुन्यात सगळ्यात वर याच तर चौकटी असतात: इयत्ता, विषय, घटक, तासिका. बहुतेक ठिकाणी त्या सगळ्यात शेवटी भरल्या जातात.

मला वाटतं, यात मागणाऱ्यापेक्षा देणाऱ्याचा दोष जास्त आहे. आपण लगेच एखादी फाईल पुढं ढकलतो आणि मदत केल्याचं समाधान मिळवतो. उलट एक प्रश्न विचारायला आपल्याला जड जातं.

फक्त ‘गणित’ नाही, ‘अपूर्णांक’ असं सांगितलं तरी काय होतं ते बघा. तिसरीत अपूर्णांक म्हणजे अर्धा, पाव, पाऊण ओळखणं. पाचवीत सममूल्य अपूर्णांक आणि वेगवेगळे छेद असलेल्या अपूर्णांकांची बेरीज. सहावीत पूर्णांकयुक्त अपूर्णांक, गुणाकार, भागाकार. शब्द एकच, पण धडे तीन. तिसरीचं टाचण पाचवीत नेलं तर पोरं कंटाळतात. सहावीचं नेलं तर ती मान डोलावतात, आणि हे जास्त धोक्याचं, कारण शिक्षकाला वाटतं की समजलं.

आता समजा इयत्ता पाचवी आणि उपघटक ‘भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज’ असं नक्की झालं. मग टाचणाला कुठून सुरुवात करायची ते आपोआप दिसू लागतं. आपल्याकडच्या पोरांना बाजारातून अर्धा, पाव, पाऊण तोंडपाठ असतं. अर्धा किलो आणि पाव किलो मिळून किती, असं विचारलं की पाचवीतलं पोर ‘पाऊण’ म्हणून मोकळं होतं. तेच १/२ + १/४ असं फळ्यावर लिहा, काही मुलं २/६ लिहितील. वरचे वर मिळवले, खालचे खाली. एकाच पोराच्या तोंडात बरोबर उत्तर आणि वहीत चूक. पाठाची सुरुवात इथून करावी.

पण पाव-अर्ध्यावर थांबून चालत नाही. त्या उदाहरणात मोठा छेद तसाच ठेवून काम भागतं, त्यामुळे ‘मोठा छेद घ्यायचा’ असा चुकीचा नियम पोरं मनाशी बांधतात. म्हणून पुढचं उदाहरण १/२ + १/३ घ्यावं. एक तृतीयांशासाठी बाजारात ‘पाव’सारखा रोजचा शब्द नाही, ‘तिसरा हिस्सा’ म्हणावं लागतं. त्यामुळे इथं कानावरचं पाठांतर कामी येत नाही.

१२ सेंटिमीटर लांबीची कागदाची पट्टी घ्यायची, पट्टीवर दर २ सेंटिमीटरला खूण करायची. सहा घरं झाली. अर्धी पट्टी म्हणजे तीन घरं, तिसरा हिस्सा म्हणजे दोन घरं. मिळून सहापैकी पाच, ५/६. ज्यानं २/५ लिहिलंय त्याला ‘चूक’ म्हणायचं नाही. १२ सेंटिमीटरचा २/५ म्हणजे ४ सेंटिमीटर ८ मिलिमीटर, तेवढी खूण त्याच्या पट्टीवर आपण करून द्यायची. अर्धी पट्टी तर ६ सेंटिमीटरची. अर्ध्यात आणखी तुकडा मिळवला आणि उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं? एवढं विचारून गप्प बसायचं. त्यानंतर १/३ + १/४ द्यायचं. आता सहा घरं पुरत नाहीत, दर सेंटिमीटरला खूण करून बारा घरं करावी लागतात: चार आणि तीन, ७/१२. घरं का बदलावी लागली हे ज्याला सांगता आलं, त्याला समच्छेद कळला.

राहिली तिसरी चौकट, वेळेची. ती सगळ्यात कमी विचारली जाते आणि माझ्या मते पाठ बिघडतो तो तिथंच. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास ठरवून दिलेत, म्हणजे दिवसाला चार तास. त्याच कायद्यात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. पाच वर्ग आणि दोन शिक्षक असतील तर दोघांचे मिळून दिवसाचे आठ तास होतात. ते पाच वर्गांत वाटले की एका वर्गाच्या वाट्याला शिक्षक प्रत्यक्ष समोर असण्याची ९६ मिनिटं येतात, तीही सगळ्या विषयांची मिळून. मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास एवढेच विषय धरले तरी प्रत्येकाला २४ मिनिटं. तांड्यावरच्या दोनशिक्षकी शाळेत ३५ मिनिटांचं टाचण पाठवणं म्हणजे काय, ते यावरून समजावं.

वेळ कमी पडला की टाचण मधून कापलं जात नाही, शेवटून कापलं जातं. आणि शेवटी असतं मूल्यमापन. मग २/५ कुणी लिहिलं हे शिक्षकाला कळतच नाही. टाचणाच्या वहीत मात्र पाठ ‘पूर्ण’ असतो.

म्हणून चौथी-पाचवी एकत्र असेल तर वरचाच पाठ लहान करायचा नाही, त्याचा क्रम बदलायचा. चौथीला आधी लेखी सराव देऊन टाकावा. पाचवीसमोर पहिली आठ-दहा मिनिटं उभं राहून पाव-अर्ध्याचं बोलणं आणि १/२ + १/३ चा अंदाज: उत्तर अर्ध्याहून जास्त येईल की कमी? प्रत्येकानं वहीत लिहायचं. ही तपासणीच आहे, फक्त सुरुवातीला आणलेली. मग पट्टीचं काम जोडीनं, सूचना फळ्यावर लिहून ठेवायच्या, आणि शिक्षक चौथीकडे. शेवटची दहा मिनिटं परत पाचवीकडे, १/३ + १/४ साठी. एकाच वर्गाला सलग ३५ मिनिटं मिळत असतील तर असं करायची गरज नाही, पट्टीचं काम सगळ्यांसोबत फळ्याशी उभं राहून करता येतं.

देगलूर-उदगीरकडच्या काही वर्गांत घरची भाषा तेलुगू किंवा कन्नड असते, तिथं ‘पाऊण’ हा शब्दच आधी तपासून घ्यावा लागतो. पण ते त्या वर्गाच्या शिक्षकालाच माहीत.

छात्राध्यापकांबद्दल एक सांगायला हवं. त्यांच्या निरोपात इयत्ता-घटक नसतो तो पुष्कळदा आळसामुळे नाही. सराव पाठाच्या शाळेत वर्गशिक्षकांनी त्यांना अजून काही सांगितलेलंच नसतं, आणि विचारायला ते बिचकतात. आपण फाईल पाठवली की ती विचारपूस कायमची टळते. ‘कोणती इयत्ता, कुठला उपघटक, वर्ग एकटा की जोडवर्ग, किती मिनिटं?’ एवढं आपण उलट विचारलं की त्याला त्या वर्गशिक्षकांकडे जावंच लागतं. तिथं त्याला हेही कळतं की सममूल्य अपूर्णांक शिकवून झालेत की नाही. ते झाले नसतील तर बेरजेचा पाठ उद्या घेण्यात अर्थ नाही, हे कुठलीच फाईल सांगणार नाही.

पालकही असंच विचारतात, ‘पोरगं अपूर्णांकात कच्चं आहे, घरी घ्यायला काहीतरी द्या.’ त्यांना आधी वही आणायला सांगावं. २/६ दिसलं तर एक पाठ, गुणाकारात अडलेलं दिसलं तर दुसरा. आणि रोज घरी किती वेळ बसणार ते विचारावं. दहा मिनिटं असतील तर एक पट्टी, एक उदाहरण, बस्स.

काही वेळा रात्र झालेली असते, समोरच्याचं उत्तर येत नाही आणि पाठवणं भागच असतं. तेव्हा निदान पहिल्या ओळीत लिहावं: ‘इयत्ता पाचवी, भिन्नछेद बेरीज, ३५ मिनिटं, एकच वर्ग धरून, सममूल्य अपूर्णांक झालेले असावेत.’ ज्याचा वर्ग तसा नाही, त्याला काय बदलायचं ते वाचताक्षणी कळेल.