स्मरणशक्तीची दुसरी परीक्षा आणि सरावाचे गुण

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांना ‘मोका’ या चाचणीत जानेवारी २०१८ मध्ये ३० पैकी ३० गुण मिळाले. एप्रिल २०२५ च्या वैद्यकीय अहवालातही तोच आकडा होता. दोन्ही वेळा चर्चा झाली ती पैकीच्या पैकी गुणांची. पण तीच चाचणी पुन्हा दिली तर दुसऱ्या वेळच्या गुणांचा अर्थ पहिल्या वेळेसारखाच लावता येतो का, हा प्रश्न मागे राहिला. स्मृतिभ्रंशाच्या शंकेने दरवर्षी तपासणीला जाणाऱ्या घरोघरच्या ज्येष्ठांसाठी तो अधिक महत्त्वाचा आहे.

दुसऱ्या खेपेला गुण वाढण्याची कारणे तीन. काही प्रश्न किंवा शब्द लक्षात राहिलेले असतात. काय करायचे आहे, याची रीत कळलेली असते. आणि पहिल्या वेळची धास्ती ओसरलेली असते. याला सरावाचा परिणाम म्हणतात. शब्द लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत तो बराच दिसतो. शब्दांचे अर्थ सांगण्यासारख्या चाचण्यांत कमी. सहसा पहिल्या आणि दुसऱ्या खेपेत वाढ सर्वांत मोठी असते. मध्ये बरेच महिने गेले तरी ती पूर्ण पुसली जाईलच असे नाही.

समजा, जुन्नर तालुक्यातल्या पिंपळवंडीचे सत्तरीतले एक निवृत्त शिक्षक पुण्यात तपासणीला आले. त्यांना १५ शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवली. अर्ध्या तासाने त्यांना नऊ शब्द आठवले. वर्षाने तीच चाचणी झाली, तेव्हा आठ आठवले. घरच्यांना वाटले, एकाच शब्दाचा फरक, म्हणजे काळजीचे कारण नाही.

तज्ज्ञ मात्र वेगळा हिशेब करतात. त्याच वयाच्या, साधारण तेवढ्याच शिक्षणाच्या निरोगी लोकांना वर्षाच्या अंतराने हीच चाचणी दिली, तर त्यांच्या गुणांत किती फरक पडतो, हे आधी पाहतात. उदाहरणापुरते धरू की ते सरासरी दोन शब्दांनी पुढे जातात आणि दहापैकी नऊ जणांचा फरक शून्य ते चार शब्दांच्या वाढीत बसतो. मग शिक्षकांकडून अपेक्षा होती अकराची. ते आठवर आले, म्हणजे खरी तूट एका शब्दाची नसून तीन शब्दांची आहे. आणि त्यांचा उणे एक हा फरक निरोगी लोकांच्या नेहमीच्या पट्ट्याबाहेर जातो. सराव धरला नसता, तर हाच फरक दोन शब्द इकडे-तिकडे या सर्वसाधारण चढउतारात खपून गेला असता.

उलटी चूकही होते. मध्यंतरी एखादी गोळी सुरू केलेली असते, गुण दोनने वाढतात आणि श्रेय गोळीला मिळते. ती वाढ निव्वळ सरावाची असू शकते. म्हणून औषधांच्या चाचण्यांत औषध न घेणारा गट ठेवतात. सराव दोन्ही गटांना सारखाच होतो. काही ठिकाणी उपचारांपूर्वीच दोनदा चाचणी घेऊन दुसरे गुण आधारभूत धरतात.

मग दर वेळी वेगळी प्रश्नपत्रिका का नको? ‘मोका’च्या पर्यायी आवृत्त्या आहेत आणि त्या वापरतातही. त्यामुळे शब्द पाठ असण्याचा फायदा जातो. रीत कळल्याचा आणि धास्ती गेल्याचा मात्र जात नाही. शिवाय दोन आवृत्त्या तंतोतंत सारख्या अवघड असाव्या लागतात. ३० पैकी ३० गुण मिळाले तर आणखी एक अडचण येते. आकड्याला वर जायला जागाच नसल्याने सरावाची वाढ दिसत नाही आणि तिच्याआड झालेली थोडी घसरणही झाकली जाते.

या हिशेबाची मर्यादा तुलनेच्या गटात आहे. शहरी, पदवीधरांवरून काढलेली वाढ ज्यांनी आयुष्यात क्वचितच पेन्सिल धरली अशा शेतकरी आजींना लावता येत नाही. त्यांचे पहिले गुण कधी कधी परीक्षेच्या अनोळखीपणामुळेच कमी येतात. हरियाणातल्या बल्लभगड भागातील निरक्षर ज्येष्ठांसाठी १९९० च्या दशकात वेगळी हिंदी चाचणी तयार करावी लागली, ती याच कारणाने. शिवाय दहापैकी नऊ जणांचा पट्टा धरला, की उरलेल्या एका निरोगी माणसाचा फरकही त्याबाहेर पडतोच. म्हणून एका आकड्यावर निदान होत नाही. पैशांचे व्यवहार, औषधांच्या वेळा, ओळखीचे रस्ते यांत घरच्यांना काय बदल दिसला, हे सोबत विचारले जाते.

पुढच्या तपासणीला जाताना जुना अहवाल न्यावा. आधी कोणती चाचणी, कोणत्या तारखेला, कोणत्या भाषेत झाली, हे सांगावे. चष्मा आणि श्रवणयंत्र विसरू नये. आणि आदल्या रात्री आजोबांकडून तारीख, वार, शब्द घोकून घेऊ नयेत. त्याने गुण वाढतील, पण डॉक्टरांना जी घसरण दिसायला हवी, नेमकी तीच झाकली जाईल.