व्हॉट्सअ‍ॅपचं एक कलम आणि मराठीतली पाच वाक्यं

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने नव्या अटी पाठवल्या, तेव्हा मुळशीतल्या आपल्या ग्रुपांवरही एक मेसेज फिरला: ‘आता फेसबुक तुमचे मेसेज वाचणार.’ काहींनी अ‍ॅप काढून टाकलं. उरलेल्यांनी ‘काही बदललेलं नाही’ असा उलटा मेसेज पुढे ढकलला. मूळ कलमाशी ताडून पाहिलं तर दोन्ही वाक्यं चुकीची होती.

अलीकडे पिरंगुटला काही तरुण कार्यकर्त्यांसोबत बसून आम्ही ते कलम साध्या मराठीत उतरवलं. पहिल्याच फेरीत एकाने लिहिलं, ‘व्हॉट्सअ‍ॅप आपली माहिती विकतं.’ वाक्य चटकन कळतं, घोषणेलाही बरं. पण विक्रीचा शब्द कलमात नाही. माहिती देणं आणि विकणं यांत फरक आहे. आपण चुकीचा आरोप केला की कंपनीला तेवढाच खोडून काढता येतो, आणि खरा मुद्दा बाजूला पडतो. ते वाक्य खोडलं.

खरी अडचण क्रियापदांत होती. कलमात दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. व्हॉट्सअ‍ॅप मेटाच्या इतर कंपन्यांना माहिती देतं, हे सरळ विधान आहे. त्या कंपन्या ती माहिती अमुक कामांसाठी ‘मे यूज’, असं पुढे येतं. मुलांनी याचं ‘वापरू शकतात’ केलं. मराठीत ‘शकणे’ म्हणजे क्षमताही आणि मुभाही. वाचणाऱ्याला वाटतं, ‘वापरतीलच असं थोडंच आहे?’ उलट कोणी ‘वापरतात’ लिहिलं, तर कलमाने न सांगितलेली गोष्ट आपण सांगतो. बराच वाद घालून आम्ही ‘वापरण्याची मुभा ठेवली आहे’ हे शब्द घेतले. मुभा आहे एवढं नक्की. ती किती वेळा वापरली जाते, हे कलम सांगत नाही.

दुसरा खड्डा हेतूंच्या यादीत. सुधारणा, सुरक्षा, सूचना अशी बरीच नावं येतात आणि त्यांच्याच रांगेत जाहिराती उभ्या असतात. घाईत सोपं करणारा माणूस ‘सेवा सुधारण्यासाठी’ लिहून मोकळा होतो. ते खोटं नाही, अर्धं आहे. म्हणून जाहिरातीचा शब्द आम्ही मुद्दाम ठेवला.

शेवटी कागदावर हे उरलं:

‘व्हॉट्सअ‍ॅप तुमचा फोन नंबर, तुमच्या फोनची आणि इंटरनेट जोडणीची माहिती, तुम्ही अ‍ॅप कसं वापरता आणि दुकानांच्या व कंपन्यांच्या खात्यांशी कसा व्यवहार करता याची माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना देतं. फेसबुक आणि इन्स्टाग्राम मेटाचीच आहेत. ही माहिती जाहिरातींसह अनेक कामांसाठी वापरण्याची मुभा त्यांनी ठेवली आहे. घरच्यांशी, मित्रांशी झालेल्या खासगी गप्पांचा मजकूर यात येत नाही. ही देवाणघेवाण नको असेल, तर नाही म्हणण्याचा पर्याय या कलमात नाही.’

शेवटचं वाक्य लिहायला सर्वांत अवघड होतं, कारण ते कलमात कुठेच लिहिलेलं नाही. जे नाही ते शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करताना दिसतच नाही. जुना मसुदा शेजारी ठेवावा लागतो. २०१६ च्या बदलात आधीपासूनच्या वापरकर्त्यांना नकार द्यायला तीस दिवस मिळाले होते. २०२१ मध्ये ती खिडकी नव्हती. भारतीय स्पर्धा आयोगाने १८ नोव्हेंबर २०२४ ला मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केला, त्यात ‘स्वीकारा नाहीतर सोडा’ हाच कळीचा मुद्दा होता. आयोगाने जाहिरातींसाठी माहिती देण्यावर पाच वर्षांची बंदीही घातली होती. ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने उठवली. दंड मात्र कायम ठेवला.

चौथ्या वाक्यावर एका मुलीने हरकत घेतली, आणि ती बरोबर होती. ती एका दुकानाचं खातं सांभाळते. दुकानाला पाठवलेला मेसेज दुकानाची माणसं वाचतात, आणि दुकानाने हे काम बाहेरच्या कंपनीकडे दिलं असेल तर तिच्याकडेही तो जाऊ शकतो. म्हणूनच ‘खासगी गप्पा’ असं बंदिस्त करून लिहिलं. नुसतं ‘तुमचे मेसेज सुरक्षित आहेत’ हे आमच्याकडून गेलेलं तिसरं चुकीचं वाक्य ठरलं असतं.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. मराठी त्या अनुसूचीत आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कोणती माहिती कशासाठी घेतली जाते हे सोप्या भाषेत, बाबवार सांगणं त्यांत आहे. ही बंधनं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतील. तेव्हा कंपन्यांची मराठी सूचना येईल, तीत ‘मे यूज’चं मराठी काय केलंय आणि जाहिरातीचा शब्द कितव्या ओळीत आहे, हे आम्ही याच कागदाशी ताडून पाहणार आहोत.