विश्लेषण : एन९५ मास्क घेताना चेहऱ्याचे माप का पाहायचे? 'फ्री साइज' मास्कमधून हवा कुठून शिरते?

थंडी सुरू झाली की दिल्लीसोबत आता मुंबईचीही हवा बिघडल्याच्या बातम्या येतात आणि औषधाच्या दुकानात एन९५ मास्कची मागणी वाढते. ग्राहक पाकिटावरचा ९५ हा आकडा पाहतो, किंमत पाहतो, फार तर रंग पाहतो. साइज विचारणारा क्वचितच भेटतो, आणि विचारले तरी बहुतेक वेळा 'फ्री साइज' हेच उत्तर मिळते. मास्क कितपत काम करणार, हे मात्र बऱ्याच अंशी साइजवरच ठरते.

पाकिटावरचा ९५ नेमका कशाचा?

तो मास्कच्या कापडाचा आकडा आहे. 'एन९५' हा दर्जा अमेरिकेतील नायॉश ही संस्था देते. त्यासाठी मास्क यंत्रावर घट्ट बसवून त्यातून मिठाचे अतिसूक्ष्म कण असलेली हवा सोडली जाते आणि किमान ९५ टक्के कण अडले की फिल्टर पास होतो. या चाचणीत माणसाचा चेहरा कुठेच नसतो. युरोपातील एफएफपी२ वर्गाच्या चाचणीत मात्र १० माणसांना मास्क घालून चालायला, मान हलवायला आणि बोलायला लावतात. त्यांच्या चेहऱ्यांची मापेही नोंदवली जातात. भारतीय मानक आयएस ९४७३ मध्येही एफएफपी१, २ आणि ३ असेच वर्ग आहेत.

फटीमुळे किती फरक पडतो?

हवा सोपी वाट शोधते. फिल्टरच्या जाड थरातून जाण्यापेक्षा नाकाशेजारच्या फटीतून आत येणे तिला सोपे असते. समजा बाहेर पीएम२.५ कणांचे प्रमाण घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम आहे. मास्क सगळीकडून घट्ट बसला आणि फिल्टरने ९५ टक्के कण अडवले, तर आत १० मायक्रोग्रॅम पोहोचतील. श्वासातली फक्त १० टक्के हवा फटीतून आली, तर त्या हवेबरोबर २० मायक्रोग्रॅम न गाळता आत येतात. उरलेल्या ९० टक्के हवेतून आणखी ९ येतात. एकूण झाले २९, म्हणजे जवळपास तिप्पट. मास्क तोच, फिल्टर तोच. अशा वेळी ९५ ऐवजी ९९ टक्क्यांचा महागडा मास्क घेतला तरी फटीतून येणारे २० तसेच राहतात.

साइज कोणाच्या चेहऱ्यावरून ठरली?

१९७० च्या दशकात अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेने मास्क तपासण्यासाठी २५ जणांचा नमुना गट कसा निवडायचा, याचे कोष्टक तयार केले. त्यामागची मापे १९६७-६८ मधील अमेरिकी हवाई दलाच्या स्त्री-पुरुषांची होती, म्हणजे तरुण आणि निवडक शरीरयष्टीच्या लोकांची. पुढची तीन दशके जवळपास याच कोष्टकावर काम चालले. २००३ मध्ये नायॉशने मास्क वापरणाऱ्या ३,९९७ कामगारांचे चेहरे मोजले, तेव्हा १५ टक्क्यांहून अधिक चेहरे जुन्या कोष्टकाच्या चौकटीबाहेर निघाले. नव्या कोष्टकात चेहऱ्याची लांबी ९८.५ ते १३८.५ मिलिमीटर आणि रुंदी १२०.५ ते १५८.५ मिलिमीटर धरली आहे. हेही अमेरिकी कामगारांचेच माप, हे विसरून चालत नाही. लहान मुलांचे चेहरे तर या चौकटीत मुळात धरलेलेच नाहीत. मोठ्यांचा एन९५ मुलाला घालून निर्धास्त होणे त्यामुळेच चुकीचे ठरते.

माप कसे घ्यायचे?

दोनच मापे लागतात. लांबी म्हणजे दोन डोळ्यांच्या मधे नाकाच्या मुळाशी जो खड्डा असतो, तिथपासून हनुवटीच्या खालच्या टोकापर्यंतचे सरळ अंतर. तोंड मिटलेले आणि दात अलगद टेकलेले हवेत. शिंप्याची टेप इथे फसवते, कारण ती नाकावरून वळसा घेते आणि माप जास्त दाखवते. कडक पट्टी चेहऱ्यासमोर उभी धरून दुसऱ्याने वाचावी. रुंदी म्हणजे दोन्ही गालफडांच्या हाडांमधले सर्वांत जास्त अंतर. दोन पुस्तके दोन्ही बाजूंनी हाडांना हलकेच टेकवून, समांतर धरून, मधले अंतर मोजले की काम भागते. दोन्ही मापे तीनदा घ्यावीत.

आता एक उदाहरण. समजा ठाण्यातील एका रुग्णालयातल्या परिचारिकेच्या चेहऱ्याची लांबी १०६ आणि रुंदी १२७ मिलिमीटर भरली. चौकटीच्या खालच्या कडेजवळचा हा चेहरा आहे, लहान आणि अरुंद. तिला रेग्युलर साइजचा कपासारखा मास्क दिला, तर वरची कड डोळ्यांच्या अगदी जवळ येते, गालावर कडेला चुण्या पडतात आणि खालची कड हनुवटीखाली लोंबते. पट्ट्या आवळून हे सुटत नाही. आवळल्याने चुणी आणखी खोल होते. तिने स्मॉल साइज मागायला हवी. उलट लांब चेहऱ्यावर मास्क लहान पडला, तर बोलताना जबडा खाली जातो, हनुवटीची कड वर सरकते आणि नाकावरची पट्टी निसटते.

माप जुळले म्हणजे झाले का?

नाही. लांबी-रुंदी कळली तरी नाकाचा उंचवटा, गालांचा भरीवपणा त्यात येत नाही, आणि गळती सर्वाधिक नाकाशेजारीच होते. शिवाय एका कंपनीची स्मॉल दुसरीच्या रेग्युलरइतकी असू शकते. मापामुळे कोणते दोन-तीन मास्क घालून पाहायचे एवढे कळते. निर्णय 'फिट टेस्ट' देते. त्यात आधी मास्कशिवाय डोक्यावर टोपडे घालून सॅकरिनचा किंवा कडू द्रावणाचा हलका फवारा मारतात आणि त्या व्यक्तीला चव लागते का ते पाहतात. मग मास्क घालून अधिक तीव्र फवारा मारत तिला खोल श्वास घेणे, मान डावी-उजवीकडे व वर-खाली करणे, बोलणे, वाकणे असे प्रकार एकेक मिनिट करायला लावतात. मध्येच चव लागली, की तो मास्क तिच्यासाठी बाद. अमेरिकेत कामावर असा मास्क सक्तीचा असेल, तर ही चाचणी दरवर्षी करावी लागते.

घरी ही सोय नसते. तिथे दर वेळी मास्क घातल्यावर दोन्ही तळहात त्यावर ठेवून जोरात श्वास सोडायचा. नाकाशी किंवा गालाशी झुळूक लागली, तर पट्टी पुन्हा बोटांनी दाबून बसवायची. चष्म्यावर वाफ जमणे ही तर फुकटची सूचनाच. मग श्वास आत ओढून पाहायचा. मास्क किंचित आत खेचला गेला पाहिजे. मोठी गळती याने सापडते, बारीक सापडतेच असे नाही. कानामागे अडकवण्याच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे दोन पट्टे कड जास्त समान दाबतात, म्हणून पर्याय असेल तर तेच घ्यावेत.

दाढीपुढे मात्र कोणतीच साइज चालत नाही. कडेखाली दोन दिवसांचे खुंट असले तरी केसांमधून हवा वाट काढते. आणि एकदा जुळलेली साइज कायमची नसते. नऊ-दहा किलो वजन उतरले, दाढा काढल्या किंवा कवळी बसवली, की गालांचा आकार बदलतो आणि फिट टेस्ट पुन्हा करावी लागते.