चष्मा बदलण्याआधी टेबल फिरवा

घरून काम करणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. दुपारनंतर भुवयांच्या वर डोके ठणकते, डोळे चुरचुरतात, स्क्रीनवरची अक्षरे फिकट दिसू लागतात. उपायही ठरलेले असतात: निळा प्रकाश अडवणारा चष्मा, स्क्रीनची चमक पूर्ण वाढवणे आणि तेवढ्याने भागले नाही तर खिडकीचा पडदा ओढून भरदिवसा ट्यूबलाइट लावणे. यातला पहिला उपाय खर्चिक असून त्याचा उपयोग जवळपास नाही. अशा चष्म्यांवरच्या १७ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये घेतला, तेव्हा संगणकामुळे येणारा डोळ्यांचा थकवा त्यांनी कमी होतो असे काही दिसले नाही. शेवटचा उपाय फुकट असला तरी महागात पडतो. खरा दोष बहुतेक वेळा टेबल आणि खिडकी यांच्यातल्या कोनात असतो.

पुण्यातल्या एका टू बीएचके फ्लॅटचे उदाहरण घेऊ. तिसरा मजला, दहा बाय अकराची खोली, पश्चिमेच्या भिंतीत चार फुटी सरकती खिडकी. घरातली लेखापाल सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा इथे बसते. टेबल खिडकीला टेकवलेले, म्हणजे लॅपटॉपच्या मागे थेट आकाश आणि समोरच्या इमारतीची पांढरी भिंत. बाहेरचे दिसते, उजेड भरपूर, म्हणून ही जागा आदर्श वाटली होती. पण सकाळी ऊन त्या भिंतीवर आले की ती लॅपटॉपच्या स्क्रीनपेक्षा तीस-चाळीस पट तेजस्वी होते. डोळ्यांना एकाच वेळी दोन्ही पाहावे लागते.

अशा वेळी डोळ्यात काय घडते? बुबुळ आणि नेत्रभिंग कितीही स्वच्छ असले तरी आत येणारा थोडा प्रकाश विखुरतोच. नजरेच्या जवळ एखादी झगझगीत गोष्ट असेल तर हा विखुरलेला प्रकाश दृष्टिपटलावर धुक्यासारखा पसरतो आणि अक्षरांचा काळेपणा त्यात विरून जातो. मग माणूस नकळत पुढे वाकतो, डोळे बारीक करतो, कपाळाला आठ्या घालतो. डोके दुखायला एवढे पुरते. दिलासा एवढाच, की झगझगीत वस्तू नजरेच्या रेषेपासून जितकी दूर, तितके हे धुके झपाट्याने विरळ होते. कोन दुप्पट झाला तर ते साधारण चौथ्या हिश्श्यावर येते.

त्या घरात मग टेबल उलट फिरवले गेले. खिडकी पाठीमागे आली. समोरची चमक गेली, पण आता स्क्रीनमध्ये खिडकीचेच प्रतिबिंब दिसू लागले आणि व्हिडिओ कॉलवर चेहऱ्याच्या जागी काळी आकृती. अखेर तिने पडदे ओढले आणि दिवे लावले. बहुतेक घरांत गोष्ट इथेच संपते.

ती इथे संपू नये, याला कारण आहे. दिवसाचा प्रकाश केवळ अक्षरे दिसण्यासाठी लागत नाही. शरीराचे घड्याळही त्यावरच लागते. रात्री झोप वेळेवर यावी यासाठी दिवसा डोळ्यांत पुरेसा प्रकाश जावा लागतो. खिडकीशेजारी तो सहज मिळतो. बंद पडद्याच्या खोलीत छतावरची एक ट्यूबलाइट तो क्वचितच देते. पडदा ओढून बसणारा माणूस दुपारची डोकेदुखी टाळतो आणि रात्रीची झोप पणाला लावतो.

तिसरी मांडणी या दोन्हींतून वाट काढते. टेबल खिडकीच्या भिंतीला काटकोनात ठेवायचे, म्हणजे खिडकी बाजूला येते आणि नजर खिडकीला समांतर जाते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला खिडकी डावीकडे असलेली बरी, म्हणजे कागदावर हाताची सावली पडत नाही. खुर्ची खिडकीच्या रेषेत किंवा किंचित पुढे असावी, म्हणजे स्क्रीनकडे पाहताना खिडकीचा बराचसा भाग नजरेबाहेर राहतो. त्या फ्लॅटमध्ये एवढ्याने दुपारी चारपर्यंतचा प्रश्न सुटला.

चारनंतरचा प्रश्न मात्र सूर्याचा आहे, आणि तो दिशेवर अवलंबून असतो. दक्षिणेच्या खिडकीला छज्जा उपयोगी पडतो. डिसेंबरच्या अखेरीस भरदुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. ६० सेंटिमीटरचा छज्जा तेव्हा काचेच्या वरच्या ६७ सेंटिमीटर भागावर सावली धरतो. पश्चिमेला तोच छज्जा निकामी ठरतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात साडेपाचला सूर्य जेमतेम १७ अंशांवर असतो आणि सावली १८ सेंटिमीटर. बाकीचे ऊन सरळ टेबलावर. पूर्वेच्या खिडकीची हीच गत सकाळी होते. उत्तरेचा उजेड सर्वांत शांत, पण जूनमध्ये सूर्य पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकून उगवतो, त्यामुळे तिथेही सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन डोकावते.

पश्चिमेच्या उन्हाला पांढरा झिरझिरीत पडदा लावण्याची चूक सर्रास होते. थेट ऊन पडले की तो पडदाच दिव्यासारखा उजळतो आणि चमक कमी होण्याऐवजी पसरते. त्यापेक्षा गडद, विणीतून थोडे बाहेरचे दिसणारे कापड किंवा उभ्या पट्ट्यांचे ब्लाइंड्स बरे. सर्वांत चांगली ती जुनी बांबूची चिक, आणि तीही खिडकीच्या बाहेर, कारण ऊन काचेबाहेरच अडले तर उष्णताही बाहेरच राहते. त्या लेखापालाच्या खिडकीवर आता चिक आहे. ती चारला खाली येते. एरवी गुंडाळलेली असते.

घरात नेमके काय चुकते आहे, हे दोन चाचण्यांनी कळते. नेहमीच्या जागी बसून स्क्रीनकडे पाहावे आणि हातातल्या फाइलने खिडकी झाकावी. डोळ्यांना लगेच बरे वाटले, तर खिडकी नजरेत येते आहे. मग स्क्रीन बंद करून काळ्या काचेत पाहावे. तिथे जे चमकते, तेच दिवसभर अक्षरांवर चढते. दोन्ही चाचण्या सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी कराव्यात.

म्हणूनच घर घेतल्याबरोबर सुताराकडून खिडकीखाली पक्के स्टडी टेबल ठोकून घेण्याची घाई नको. फर्निचर करून देणाऱ्यांना ती जागा नीटनेटकी दिसते, पण तिथे रोज नऊ तास बसणारा माणूस त्यांच्या आराखड्यात नसतो. निदान एक हिवाळा आणि एक उन्हाळा सुटे टेबल वापरून पाहावे.

टेबल फिरवून सगळेच सुटेल असे मात्र नाही. शेजारची इमारत हाताच्या अंतरावर असेल तर उजेडच कमी पडतो. तिथे फिकट भिंती आणि भिंतीवर रोखलेला दिवा लागतो. आणि पन्नाशीनंतर पूर्वी न खुपणारा उजेड अचानक खुपू लागला, रात्री दिव्यांभोवती वलये दिसू लागली, तर तो मोतीबिंदू असू शकतो. तेव्हा टेबलाशी खटपट न करता नेत्रतज्ज्ञाकडे जावे.