आधी विशेषणं कापा, लेकींची नावं नव्हे

निधनवार्ता शब्दांच्या दरानं छापायची असली, की पैसे वाचवायला आमच्याकडे सगळ्यात आधी कात्री लागते ती मुली-सुनांच्या नावांना. ‘धर्मपरायण’, ‘मनमिळाऊ’ जागच्या जागी राहतात आणि कुसुम, राजमती यांची होते ‘दोन विवाहित मुली’. माझा याला विरोध आहे. बचत करा, पण आधी कुठं करायची ते बघा.

हा मजकूर घ्या. नावं नमुन्याची आहेत, साचा मात्र आपल्या घराघरांतला :

‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमच्या मातोश्री, धर्मपरायण, प्रेमळ व मनमिळाऊ स्वभावाच्या श्रीमती पद्मावती अण्णाप्पा पाटील (वय ८१) यांचे रविवारी अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले. त्यांच्या पश्चात मुलगे बाळासाहेब व सुकुमार, सुना सुजाता व शोभा, मुली कुसुम खोत (सांगली) व राजमती मगदूम (निपाणी), नातवंडे असा मोठा परिवार आहे. रक्षाविसर्जन मंगळवारी सकाळी ९ वाजता गावच्या स्मशानभूमीत होणार आहे.’

हे झाले ५७ शब्द. आता चाळीसात बसवायचं म्हटलं, की घरातला कोणी पुरुष सुना आणि मुलींच्या ओळीवर रेघ मारतो. त्याऐवजी असं करा :

‘पद्मावती अण्णाप्पा पाटील (माहेरच्या चौगुले), वय ८१, यांचे रविवारी निधन. मुलगे बाळासाहेब, सुकुमार, सुना सुजाता, शोभा, मुली कुसुम खोत (सांगली), राजमती मगदूम (निपाणी), नातवंडे. रक्षाविसर्जन मंगळवारी ता. १४ सकाळी ९, बेडकिहाळ स्मशानभूमी.’

मोजा. ३२ शब्द. एकही नाव गेलं नाही. उलट माहेरचं आडनाव, तारीख आणि गाव आलं. पहिल्या मजकुरात एवढे शब्द असून गावाचंच नाव नव्हतं! गेलं ते काय? ‘कळविण्यास अत्यंत दुःख’, विशेषणं, ‘त्यांच्या पश्चात’, ‘असा मोठा परिवार आहे’, ‘होणार आहे’. निधन म्हटलं, की ते दुःखद आहे हे सांगायला वेगळे पैसे कशाला?

कोणी म्हणेल, नावांनी काय होतं? सांगते. आमच्या नात्यातल्या एका आजींच्या बातमीत लेकींची नावं नव्हती, माहेरही नव्हतं. पाटील आडनावाच्या बायका आपल्या भागात गावोगाव. आजींच्या माहेरच्या मैत्रिणीनं ती बातमी वाचली आणि पान उलटलं. लेकीचं सासरचं आडनाव आणि गाव दिसलं असतं, तर तिला लगेच उमगलं असतं.

आणखी एक जपा. ‘आज’, ‘उद्या’ लिहू नका. रविवारी लिहिलेलं ‘उद्या’ सोमवारच्या अंकात मंगळवार होतं आणि माणसं राख सावडून झाल्यावर पोचतात. वार-तारीख दोन्ही द्या. पेपर हातात पडेपर्यंत अंत्यसंस्कार बहुधा उरकलेले असतात. लोकांना यायचं असतं ते रक्षाविसर्जनाला, म्हणून त्याची वेळ कधीच कापू नका.

तेव्हा बायांनो, घरात असा मजकूर लिहिला जात असेल तर कागद मागून घ्या. पैसे भरण्याआधी मुली आणि सुना मोजा. एक जरी कमी भरली, तर एक ‘प्रेमळ’ खोडा.